सगळे रावी सच्चे, तरी रिवायतीत चूक? मजलिसच्या दुआचं उदाहरण घेऊन बघू

फिरत असलेला मेसेज असा: "हदीस सहीह आहे का हे कोणीही तपासू शकतो. सनदीतले सगळे रावी भरवशाचे आहेत आणि साखळी कुठे तुटली नाहीये, एवढं बघायचं, झालं. ते इल्लत वगैरे म्हणजे इमामांची मर्जी, नुसतं 'चूक आहे' म्हणतात, कारण देत नाहीत. आणि सच्च्या माणसाची एक हदीस नाकारली तर मग त्याच्या बाकीच्या हदीसांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

तीन ग्रुपवर आला हा, आणि पुढे पाठवणारे सगळे आपलेच मनापासून दीन शिकणारे लोक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करू. सहीह हदीसची जी व्याख्या मदरशात पाठ करून घेतात, इब्न सलाह (मृत्यू १२४५) यांच्या किताबापासून चालत आलेली, तिच्यात अटी पाच आहेत. सनद जोडलेली हवी, रावी नेक हवा, त्याचं पाठांतर किंवा लिखाण पक्कं हवं, रिवायत त्याच्याहून पक्क्या लोकांच्या उलट जाणारी नको, आणि पाचवी, तिच्यात इल्लत नको. मेसेजमध्ये फक्त पहिल्या तीन आल्यात. आता या तीन तपासायला एकच सनद हातात असली तरी चालते, एकेक नाव घ्या, रावींच्या कोशात काढा, कोण कधी वारला, कोणाकडून शिकला ते बघा, होऊन जातं. पण शेवटच्या दोन अटी एका सनदीकडे कितीही वेळ बघत बसलात तरी कळणार नाहीत, कारण तीच गोष्ट दुसऱ्यांनी कशी सांगितली हे शेजारी ठेवल्याशिवाय काही दिसतच नाही. इल्लत म्हणजे मुळात आजार. रावीच कच्चा असेल तर तिथे इल्लत शोधत बसायची गरज नसते, ते दुखणं वरूनच दिसतं. इलल हे शास्त्र आहेच मुळी वरून तब्येत ठणठणीत दिसणाऱ्या रिवायतींसाठी.

आता उदाहरण, एकच घेतो पण पूर्ण बघू.

मजलिस संपताना उठण्याआधी आपण जी दुआ म्हणतो, सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक वाली, ती बहुतेकांना पाठ असेल. तिच्याबद्दल एक रिवायत आहे की ज्या बैठकीत पुष्कळ गलबला झाला तिथून उठण्याआधी माणसाने हे शब्द म्हटले तर त्या बैठकीत जे काही झालं ते माफ होतं. सनद अशी आहे: इब्न जुरैज यांना सांगितलं मूसा बिन उक्बा यांनी, त्यांना सुहैल यांनी, सुहैल यांना त्यांचे वडील अबू सालेह यांनी, त्यांना हजरत अबू हुरैरा यांनी, आणि त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून. एकेक नाव तपासा. इब्न जुरैज मक्केचे मोठे आलिम, मूसा बिन उक्बा मदिनेचे, प्रेषितांच्या मोहिमांचा इतिहास लिहिणारे, सुहैलच्या रिवायती इमाम मुस्लिम आपल्या सहीहमध्ये घेतात, अबू सालेह तर अबू हुरैरांचे नावाजलेले शागिर्द. मेसेजवाल्या पद्धतीने चाललात तर शंभर टक्के पास.

इमाम मुस्लिम यांनी हीच रिवायत निशापूरमध्ये इमाम बुखारींसमोर ठेवली, हा किस्सा हाकिम (मृत्यू १०१४) यांनी नोंदवून ठेवलाय. बुखारी म्हणाले की हिच्यात इल्लत आहे. मुस्लिम यांनी आग्रह धरला की ती काय ते सांगा. तेव्हा बुखारींनी दुसरी सनद ऐकवली: वुहैब बिन खालिद यांना सांगितलं सुहैल यांनी, सुहैल यांना औन बिन अब्दुल्लाह यांनी, आणि हे शब्द औन यांचेच. बस. पुढे ना अबू सालेह, ना अबू हुरैरा, ना प्रेषित. औन हे कूफ्याचे ताबई, म्हणजे सहाबांच्या नंतरच्या पिढीतले बुजुर्ग.

म्हणजे बघा, दोन्ही रस्ते सुहैलपर्यंत येतात आणि तिथे फुटतात. एक शागिर्द सांगतो की सुहैलने आपल्या वडिलांचं नाव घेतलं, दुसरा सांगतो की औनचं घेतलं. इलल जाणणारा माणूस सगळ्यात आधी हेच करतो, सगळ्या सनदी गोळा करतो आणि त्या कुठल्या माणसापाशी वेगळ्या होतात ते शोधतो. बुखारींचे उस्ताद अली बिन मदीनी हेच सांगायचे, की एखाद्या विषयाच्या सगळ्या सनदी गोळा केल्याशिवाय त्यातली चूक उघड होत नाही.

आता दोघांपैकी बरोबर कोण? इथेच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे, कारण बुखारींनी नुसतं "चूक आहे" म्हणून सोडलं नाही, वुहैबची सनद समोर ठेवली आणि वर हेही सांगितलं की मूसा बिन उक्बा यांनी सुहैलकडून काही ऐकल्याचं कुठे आढळत नाही. दोघं एकाच शहरातले, जवळपास एकाच काळातले, म्हणून साखळी जोडलेली वाटते, पण मूसांच्या रिवायतींमध्ये सुहैलकडून ऐकल्याची खूण सापडत नाही. उलट वुहैब सुहैलचे ओळखीचे शागिर्द. तिर्मिजींनी ही रिवायत घेतली आणि सहीह म्हटलं हे खरं, पण त्यांचं पूर्ण वाक्य वाचा, ते त्याच दमात लिहितात की सुहैलची म्हणून ही हदीस आम्हाला या एका सनदीशिवाय माहीत नाही. तो एकटेपणाच तपासायचा असतो.

दुसरं कारण मला स्वतःला सगळ्यात पटतं. सुहैल, त्यांचे वडील, अबू हुरैरा, ही नावांची रांग शेकडो हदीसांमध्ये येते. मुहद्दिस त्याला जाद्दा म्हणतात, म्हणजे मळलेली वाट. आपल्याकडे कोणी "सुनील" म्हटलं की पुढचं "गावसकर" तोंडात आपोआप येतं की नाही? समजा कोणी किस्सा सांगितला सुनील जोशींचा, आणि ऐकणाऱ्या दोघांपैकी एक सांगतो सुनील गावसकर आणि दुसरा सांगतो सुनील जोशी, तर तुम्ही कोणाचं धराल? चूक होते ती जोशीकडून गावसकरकडे, कारण जीभ सवयीच्या नावाकडे घसरते. गावसकर ऐकून चुकून जोशी सांगणारा सहसा सापडणार नाही, ज्याने जोशी सांगितलं त्याने ते नाव लक्षात ठेवलं होतं म्हणूनच सांगितलं. तसंच इथे "सुहैल" नंतर "वडिलांकडून, अबू हुरैरांकडून" हे सवयीने येऊ शकतं, पण "औन बिन अब्दुल्लाहकडून, त्याचे स्वतःचे शब्द" हे सवयीने कोणाच्या तोंडून येत नाही. म्हणून वुहैबची सनद छोटी असूनही जड भरते.

कोणी विचारेल की सुहैलने दोघांकडूनही ऐकलं नसेल कशावरून? ही शक्यता मुहद्दिस नेहमी तपासतात, आणि कधीकधी मान्यही करतात. पण त्यासाठी सुहैलच्या पक्क्या शागिर्दांपैकी कोणीतरी वडिलांवाली सनद सांगायला हवी होती. इथे ती ज्याच्यातून येते त्याचं सुहैलकडून ऐकणंच सिद्ध नाही.

आणि मर्जीचं म्हणाल तर, हाच प्रश्न एका माणसाने इमाम अबू झुरआ राझींना (मृत्यू ८७८) तोंडावर विचारला होता की तुमच्या इलल सांगण्याला पुरावा काय. ते म्हणाले, मला एखाद्या हदीसची इल्लत विचार, मग जाऊन इब्न वारांना विचार आणि माझ्याकडे आला होतास हे त्यांना सांगू नकोस, मग अबू हातिमना विचार, आणि तिघांची उत्तरं ताडून बघ, वेगळी निघाली तर समज की प्रत्येकजण मनचं बोलतोय, एक निघाली तर समज हे शास्त्र खरं आहे. त्या माणसाने तसं केलं आणि उत्तरं जुळली. आता आपल्याच दुआकडे या. बुखारींनी जे सांगितलं तेच अबू हातिम आणि अबू झुरआ या दोघांनी अबू हातिमच्या मुलाला सांगितलं, त्याने ते आपल्या इललच्या किताबात लिहून ठेवलं, तेच मत इमाम अहमद यांचं, आणि शंभरेक वर्षांनी दारकुत्नींचंही, की वुहैबचं बरोबर. हाकिमने आपल्या मुस्तदरकमध्ये, जे पुढे आपल्या शेजारच्या हैदराबादेत दायरतुल मआरिफने छापलं, ही रिवायत मुस्लिमच्या अटींवर बसते असं म्हणतानाच बुखारींनी काढलेली इल्लत तिथेच नोंदवलीय.

याला मर्यादाही आहेत आणि त्या या इमामांनीच सांगितल्यात. अबू हातिमना मुलाने विचारलं की चूक नेमकी कोणाची, तर ते म्हणाले इब्न जुरैजची असू शकते, सुहैलचीही असू शकते. इब्न जुरैज मधलं नाव गाळून सांगायचे हे माहीत होतं, आणि सुहैलची याददाश्त शेवटच्या काळात बिघडली होती, म्हणून दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. चूक आहे याची खात्री आणि चूक कोणाची याची खात्री या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांनी त्या मिसळल्या नाहीत. आणि सगळे सहमतही नव्हते, इब्न हिब्बाननी ही रिवायत आपल्या सहीहमध्ये घेतली.

तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्याने लोकांचा विश्वास हलतो. बुखारींनी मूसा बिन उक्बांची ही एक रिवायत सोडली आणि त्याच मूसांच्या, त्याच इब्न जुरैजच्या कितीतरी रिवायती स्वतःच्या सहीहमध्ये घेतल्या. कारण चूक पकडली गेली ती एका ठिकाणची, आणि ती पकडली गेली म्हणजेच बाकीच्या ठिकाणी तपासलं गेलं. हजारो रिवायती सांगणाऱ्या माणसाची जीभ दोनचार वेळा घसरणारच, ती कुठे घसरली हे माहीत असणं आणि माणसाला खोटा ठरवणं यात फार अंतर आहे. इथे कोणी कोणाला खोटं म्हटलेलं नाही.

दुआचं काय, तर ती म्हणायची थांबवू नका. वर जे बिघडलंय ते अबू हुरैरांच्या नावाने येणाऱ्या या सनदीचं आहे. मजलिसच्या शेवटी हे शब्द म्हटल्याच्या रिवायती नसाईंकडे हजरत आयशा यांच्याकडून आहेत, अबू दाऊदकडे अबू बर्झा अस्लमींकडून आहेत, त्यांच्या सनदी वेगळ्या आणि त्यांची तपासणीही वेगळी करायची, इब्न हजर यांनी तर अशा बऱ्याच सनदी एकत्र केल्यात. पोस्टवर दुआ टाकताना खाली सवयीने "रावी: अबू हुरैरा, सहीह" लिहिता ना, फक्त तेवढी ओळ बदला आणि आयशा किंवा अबू बर्झा यांची रिवायत त्यांच्या नावाने, नीट बघून द्या.