तक्त्याचा फोटो उडाला म्हणून घसारा असा काढू नका

"किमतीच्या तक्त्याचा फोटो उघडत नसेल तर घाबरू नका. १) खरेदीची किंमत हीच मूळ किंमत, बाकीच्या ओळी घसाऱ्यात धरत नाहीत. २) पुस्तकी किंमत दिली असेल तर तिला उरलेल्या वर्षांनी भागा, वार्षिक घसारा आला. ३) खरेदीची तारीख बघू नका, पहिल्या वर्षी घसारा पूर्णच. सर्वांना पाठवा."

हा मेसेज वर्गाच्या ग्रुपवरून माझ्या भाचीकडे आला. ती म्हापशाला अकरावी कॉमर्सला आहे. रात्री तिचा फोन आला, "मामा, उत्तर पैशांतसुद्धा सुटत नाही रे!" मी वीस वर्षं हिशेब लिहितोय. तिच्या वहीचं पान बघितलं आणि चीड आली, कारण ती चुकली नव्हती, तिला चुकवलं होतं.

प्रश्न असा होता. एका काजू कारखान्याने १ एप्रिल २०२१ला यंत्र घेतलं. आयुष्य १० वर्षं, भंगार किंमत ४०,००० रुपये, पद्धत स्ट्रेट लाइन. ३१ मार्च २०२४ला पुस्तकी किंमत, म्हणजे दर वर्षीची घट, अर्थात घसारा, वजा जाता उरलेली किंमत, ३,५५,०००. खर्चाचा तक्ता फोटोत होता आणि फोनवर त्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसत होता.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. तीन वर्षं सरली, सात उरली. भाचीने ३,५५,००० ला ७ ने भागलं आणि ५०,७१४ रुपये काही पैसे लिहिले. पैसे न सुटणं हा चूक झाल्याचा पुरावा नव्हे, पण पुढची सात वर्षं हाच आकडा वजा करत गेलात तर यंत्राची पुस्तकी किंमत शून्यावर येते, आणि प्रश्न तर सांगतो की शेवटी ४०,००० उरले पाहिजेत. म्हणजे भंगार किंमतच घसाऱ्यात गेली. ती आधी बाजूला काढायची: ३,५५,००० वजा ४०,००० म्हणजे ३,१५,०००. त्याला ७ ने भागलं की ४५,०००. हा खरा वार्षिक घसारा. सरळ रेषेत तो दर वर्षी तोच असल्यामुळे मागे जाता येतं. तीन वर्षांचे १,३५,००० पुस्तकी किमतीत परत मिळवले की मूळ किंमत ४,९०,००० निघते, तक्ता न बघता.

एवढं कबूल करतो की भंगार किंमत शून्य असेल तेव्हा मेसेजमधली रीत बरोबर उत्तर देते. पण ही अट त्यात कुठेच लिहिलेली नाही.

आता पहिला मुद्दा. दुसऱ्या दिवशी भाचीच्या मैत्रिणीने तक्ता हाताने उतरवून पाठवला. खरेदी ४,५०,०००, वाहतूक १८,०००, बसवणी २२,०००, कामगारांचं प्रशिक्षण १२,०००. पहिल्या तिन्हींची बेरीज बरोबर ४,९०,००० होते. अकाउंटिंग स्टँडर्ड १० वाचा: मालमत्ता जागेवर आणून चालू स्थितीत आणण्याचा थेट खर्च मूळ किमतीत धरायचा, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा धरायचा नाही. नुसते ४,५०,००० घेतले असते तर घसारा ४१,००० आला असता आणि तीन वर्षांनी पुस्तकी किंमत ३,२७,०००. प्रश्नात ३,५५,००० छापलेले आहेत. हा पडताळा दोन मिनिटांत होतो, पण मेसेज लिहिणाऱ्याने तो केला नाही. उलटा हिशेब मात्र फक्त बेरीज परत देतो. वाहतूक किती आणि बसवणी किती, हे त्यातून कळत नाही. ते विचारलं असेल तर तक्ता मिळवावाच लागेल.

तारखेचं थोडक्यात. हेच यंत्र १ ऑक्टोबर २०२१ला घेतलं असतं तर पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे २२,५०० च पडले असते आणि ३१ मार्च २०२४ला पुस्तकी किंमत ३,७७,५०० असती. प्रश्नच "पूर्ण वर्षाचा धरा" म्हणत असेल तर गोष्ट वेगळी.

तारीखही फोटोबरोबर गेली असेल, तर प्रश्नात लागोपाठच्या दोन वर्षांच्या पुस्तकी किमती शोधा. ४,००,००० आणि पुढच्या वर्षी ३,५५,००० असं दिसलं की फरकच घसारा, ४५,०००. त्याला १० ने गुणून ४०,००० मिळवले की मूळ किंमत परत ४,९०,०००, तारीख न लागता. आणि एकच पुस्तकी किंमत असून भंगार किंमत किंवा तारीख यांतलं एक जरी नसेल, तर एक उत्तर निघत नाही. तेव्हा पेपरवर जे नाही त्याचं गृहीतक आधी लिहायचं, जसं "भंगार किंमत शून्य धरली" किंवा "सात वर्षं उरली असं धरलं", मग भागाकार. भाचीला हेच सांगितलं. तिने पान फाडलं नाही, जुना आकडा एका रेघेने खोडला आणि शेजारी ४५,००० लिहिले.