दोन डाळी, एक मिल: प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तूर आणि हरभरा एकाच मिलमध्ये भरडणं स्वस्त पडतं, मान्य. पण त्यासाठी मालक एक कशाला हवा? शेजारच्याच्या मिलमध्ये भाड्याने भरडून घेता येतं. तुमचे आकडेही फार गोल आहेत. पुण्यात बसून लातूरवर लिहिलं की असंच होतं."

नमस्कार. तूर आणि हरभरा एकाच मालकाच्या मिलमध्ये भरडणं परवडतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. मी पुण्यात नाही, लातुरातच राहतो. वडिलांच्या डाळमिलमध्ये गोण्या मोजत शाळा शिकलो, तेव्हा तो टोमणा परत घ्या. आकडे गोल आहेत हे कबूल. सोपं जावं म्हणून तसे धरले होते.

आता भाड्याचं. ते मोंढ्यात कुणाला माहीत नाही? अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड टीस यांनी १९८० मध्येच मांडलंय की एकत्र उत्पादन स्वस्त पडलं तरी मालकी एकच हवी असं नाही, सामायिक साधन कराराने वाटून घेता येतं. अडतं ते करारात.

तुरीला तेल-पाणी लावून काही दिवस उन्हात वाळवावं लागतं, तेव्हा कुठे टरफल सुटतं. हरभऱ्याचं टरफल त्यामानाने सहज निघतं. चाळणी, दाणे वर चढवणारा एलिव्हेटर, टरफल घासून काढणारा एमरी रोलर मात्र दोघांना तेच लागतात. आमच्याकडे एक शेजारी हरभरा भरडायला आणायचे. ठरलेल्या दिवशी त्यांचा माल दारात, आणि ढग आल्यामुळे आमची तूर अजून अंगणात. त्यांचं काम संपायच्या आत तूर वाळली की रोलर दोघांनाही त्याच दिवशी हवा. शिवाय एलिव्हेटरच्या तळाशी राहिलेले तुरीचे दाणे त्यांच्या डाळीत गेले, तर व्यापाऱ्याने कापलेला बट्टा कुणी सोसायचा? एका मालकाच्या मिलमध्ये हे दोन्ही तंटे उद्भवत नाहीत. ज्या डाळीत जास्त पैसे सुटतात ती आधी रोलरवर चढते, बट्टा एकाच वहीत पडतो. ढगाचं कलम करारात लिहून दाखवा, मग बोलू.

आता तेच गोल आकडे, पुन्हा गोलच. कच्चा माल सोडून वर्षाचा खर्च धरा: नुसती तूर ४० लाख, नुसता हरभरा ३० लाख, दोन्ही एकत्र ५८ लाख. वाचले १२ लाख, म्हणजे एकत्रित खर्चाच्या साधारण २१ टक्के. तूर नसताना रोलर रिकामा असतो, त्या तासांत हरभरा निघतो. बचत बहुतेक तिथूनच येते.

दोन्हींचा माल दुप्पट झाला तर? वेगवेगळे ८० आणि ६० लाख, एकत्र १३८ लाख. दुसरा रोलर घ्यावाच लागतो, सामायिक उरतात मुनीम आणि वजनकाटा. बचत २ लाख, म्हणजे दीड टक्काही नाही. तेवढ्यासाठी मीही दोन मिल वेगळ्या ठेवीन. आपली मिल यातल्या कोणत्या बाजूची, ते रोलरच्या चालू-बंद तासांची वही सांगते. तुम्ही ती कधी उघडली असेल असं प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.