लर्निंग रेट वाढवून व्हॅनिशिंग ग्रेडियंट जात नाही

"सगळ्या लेअरला सिग्मॉइडच लावा, आउटपुट ० ते १ मध्येच राहतं. ग्रेडियंट बारीक झालं तर लर्निंग रेट वाढवा. नाहीतर टॅनएच किंवा रेलू लावा, विषयच संपतो. गेलू सगळ्यात भारी."

ॲक्टिव्हेशन फंक्शनबद्दलचा हा मेसेज वाचून नांदेडला शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीचा प्रोजेक्ट अडकला, म्हणून लिहितोय. सोयाबीनचं पान निरोगी आहे की पिवळा मोझॅक झालेलं, हे फोटोवरून ओळखायचं होतं. दहा हिडन लेअर, सगळीकडे सिग्मॉइड. लॉस ०.६९३ वर येऊन बसला तो हलेचना. दोन्ही प्रकारचे फोटो निम्मे निम्मे असताना हा आकडा दिसला, की मॉडेल प्रत्येक पानाला ०.५ म्हणतंय, काही शिकलेलं नाही, असं समजायचं.

सिग्मॉइडचा डेरिव्हेटिव्ह जास्तीत जास्त ०.२५ असतो, तोही इनपुट शून्य असताना. ग्रेडियंट शेवटच्या लेअरकडून पहिलीकडे मागे जाताना प्रत्येक लेअरला हा गुणाकार होतो. वेटचा भाग बाजूला ठेवला तरी दहा लेअरनंतर उरतो साधारण दहा लाखांतला एक भाग. हाच व्हॅनिशिंग ग्रेडियंट. आता लर्निंग रेट वाढवा म्हणे! साध्या एसजीडीत तो रेट सगळ्या लेअरना एकच असतो. पहिली लेअर हलेल इतका वाढवलात, तर शेवटच्या लेअरचे वेट भलतीकडेच जातील. अंदाज कशाला करायचा, `loss.backward()` नंतर बघा:

```python
for n, p in model.named_parameters():
    if "weight" in n:
        print(n, p.grad.norm())
```

पहिल्या लेअरचा आकडा शेवटच्यापेक्षा हजारो पटींनी लहान दिसला, तर दुखणं हेच. ग्लोरो आणि बेंजिओ या संशोधकांनी २०१० सालीच दाखवलंय की रँडम वेटनी सुरुवात केलेल्या खोल नेटवर्कला सिग्मॉइड मानवत नाही. वरची हिडन लेअर शून्याकडे जाऊन चिकटते.

एक मान्य: हो-नाही उत्तराच्या शेवटच्या लेअरला सिग्मॉइडच हवा. पण फक्त तिथे.

टॅनएचचा डेरिव्हेटिव्ह १ असतो, पण शून्यापाशीच. इनपुट २ झालं की ०.०७. म्हणजे सिग्मॉइडपेक्षा बरा, सुटका नाही.

रेलू पॉझिटिव्ह बाजूला पूर्ण १ देतो, म्हणून पुतणीला हिडन लेअरमध्ये तोच लावायला सांगितला, वेटना He, म्हणजेच कायमिंग, इनिशियलायझेशन देऊन. मात्र निगेटिव्ह बाजूला शून्य. लर्निंग रेट फार वाढवला तर काही न्यूरॉन प्रत्येक फोटोला शून्यच देऊ लागतात आणि सहसा परत उठत नाहीत. म्हणजे मेसेजमधला उपाय इथेही घातकच.

गेलू शून्याच्या जरा खालीही थोडं ग्रेडियंट जाऊ देतो; -१ ला ते साधारण -०.०८ असतं. फार खाली गेलं की तिथेही जवळपास शून्य. बर्ट या भाषेच्या मॉडेलमध्ये गेलू आहे खरा, पण तिथे रेसिड्युअल कनेक्शन आणि लेअर नॉर्मही आहेत, आणि ग्रेडियंट मागपर्यंत पोचवण्याचं मोठं काम तेच करतात.