आगळाची बाटली आणि ‘8K’चा मंतर

“वस्तूचं नाव लिहा, पुढे 8K, ultra realistic, masterpiece जोडा. फोटो काढायची गरजच नाही. नको असेल त्याला no लावा.”

एआय-टूलकडून विकायच्या वस्तूचं चित्र बनवून घ्यायचा हा फॉरवर्ड फोंड्याच्या वैनीपर्यंत पोचला. तिने ‘kokum bottle, 8K, masterpiece’ एवढंच लिहिलं. आली ती निमुळत्या गळ्याची शोभेची बाटली, आत सरबतासारखं पारदर्शक लाल पाणी, बाजूला चक्क चेरी. वैनीचं कोकमाचं आगळ काळपट लाल, बाटली रुंद तोंडाची. गिऱ्हाईक फोटोतली बाटली मागणार, तेव्हा फॉरवर्डवाला येणार आहे का?

‘फोटो नको’ हा त्यातला सगळ्यात घातक सल्ला. तुमची बाटली त्या टूलने पाहिलेलीच नसते. जे सांगितलं नाही ते ते स्वतःच्या मनाने भरतं. विकायच्या वस्तूचा मोबाइलवर साधा फोटो काढून तोच द्या आणि ‘बाटली, झाकण, लेबल जसंच्या तसं ठेव, मागची जागा आणि उजेड तेवढा बदल’ असं लिहा. फोटो नसलाच, तर वस्तूचं वर्णन आधी, तेही डोळ्यांना दिसेल एवढंच:

```
अर्ध्या लिटरची सरळ, गोल काचेची बाटली,
रुंद तोंड, पांढरं पत्र्याचं झाकण. आत गळ्यापर्यंत
काळपट लाल आगळ. लेबल कोरं पांढरं.
बाटली एकटीच, फिकट लाकडी पाटावर; मागे साधी
पांढरी भिंत, आजूबाजूची जागा रिकामी.
डावीकडून, किंचित मागून खिडकीचा मऊ उजेड.
कॅमेरा बाटलीच्या उंचीला, समोरून; पूर्ण बाटली
चौकटीत. चौरस फोटो.
```

वस्तू, जागा, उजेड, कोन. पहिल्या प्रॉम्प्टला एवढं पुरतं. गोंयचं दिसावं म्हणून बाटली चिऱ्यावर ठेवाविशी वाटेल, पण लालावर लाल बुडतं. उजेड किंचित मागून घेतला कारण नुसत्या समोरच्या उजेडात आगळ काळं दिसतं. मागून आला की कडेला लाली उमटते. लेबल कोरं ठेवलं कारण देवनागरीतली जोडाक्षरं आणि मात्रा ही टूल्स कधी कधी बिघडवतात. नाव नंतर फोटो-ॲपमध्ये टाका. आणि चित्र आवडलं नाही तर सगळं पुसू नका, एकच ओळ बदला. नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

शब्दांच्या माळेबद्दल गूगलच्या जेमिनीचं स्वतःचं मार्गदर्शन स्पष्ट आहे: सुटे शब्द मांडू नका, दृश्याचं वर्णन करा. आता, त्यांच्याच प्रॉडक्ट-फोटोच्या नमुन्यात ‘ultra-realistic’ आहे, हे मान्य करावं लागतं. पण तिथे तो शब्द वस्तू, उजेड आणि कोन सांगून झाल्यावर येतो. 8K लिहून मात्र चित्र मोठं होत नाही. 8K म्हणजे रुंदीत ७६८० पिक्सेल. चित्राचा आकार टूल आणि त्याच्या सेटिंगवर ठरतो.

‘no’बद्दलही तेच मार्गदर्शन सांगतं की नको ते नाकारण्यापेक्षा हवं ते लिहा. ‘no cherries’ लिहिलं की चेरीचं नाव प्रॉम्प्टमध्ये गेलंच. म्हणून वर ‘बाटली एकटीच’ आहे.