तिन्ही वेळा एक नोव्हेंबर

बेळगावात बसून तीन पिढ्यांची गोष्ट लिहायला घेतली, की एक तारीख न बोलावता येऊन मांडीवर बसते. १ नोव्हेंबर. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. २०१४ साली पुन्हा तीच तारीख, आणि कागदोपत्री गावाचं बेळगावी झालं. लेखकाला वाटतं, चला, कथानक सरकारनेच आखून दिलं, आपण फक्त माणसं भरायची.

वाचकाचे हाल इथूनच सुरू होतात. लेखक २०१४ मधून उडी मारतो आणि लिहितो, ‘एक नोव्हेंबरची सकाळ होती.’ कुठली? वाराचा आधार घ्यावा, तर १९५६ चा एक नोव्हेंबर गुरुवार आणि १९७३ चाही गुरुवारच. मग वाचक कपाळाला हात लावतो, ‘म्हातारा मघाशी मेला नव्हता काय ओ? आता परत चहा प्यायलाय की!’

म्हणून मी म्हणतो, आधी गोष्ट सरळ मांडा, मग मोडा. समजा, खडेबाजारातलं टोप्यांचं एक दुकान आहे. मालकाची मुलगी इंदू १९५६ मध्ये बारा वर्षांची. म्हणजे १९७३ मध्ये एकोणतीस, २०१४ मध्ये सत्तर. एका प्रसंगाला एक कार्ड. त्यावर साल, महिना, हजर असलेल्या प्रत्येकाचं वय, आणि खाली एकच ओळ, या प्रसंगात वाचकाला नवीन काय कळतं. अशी अठरा कार्डं झाली, तर आधी सालवार जमिनीवर लावायची. पंखा बंद करायचा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण उडालेलं १९७३ फडताळाखाली हुडकत बसलेल्या माणसाला विचारा.

सरळ लावल्यावर पहिलं सापडतं ते वयातलं खोटं. १९५६ मध्ये चाळिशीचा असलेला बाप २०१४ मध्ये जिना चढताना दिसतो. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी! एकतर त्याला मधे कुठेतरी निरोप द्या, नाहीतर जिना काढा.

मग नावं. आपल्याकडे हा खास घोटाळा. इंदू लग्नानंतर सासरी सुनंदा होते आणि म्हातारपणी सगळ्या गल्लीची माई. लेखकाच्या मनात बाई एक, वाचकाच्या डोक्यात तिघी. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणजे १९५६ मधला नारायण आणि २०१४ मधला नारायण एकाच पानावर जेवायला बसतात. माझा कायदा असा, की निवेदनात ती शेवटपर्यंत इंदूच. सुनंदा आणि माई ही नावं फक्त दुसऱ्यांच्या तोंडी, आणि पहिल्यांदा हाक ऐकू येते तेव्हा वळून बघते ती इंदू. नातवाचं नाव मात्र सरळ बदलून टाकावं. घरचे रागावतील, पण ते कागदावरचेच आहेत.

आता मोडायचं. २०१४ ही कण्याची जागा. पहिले दोन प्रसंग तिथेच, कोणाचा हात धरून चालायचं हे कळेपर्यंत उडी नाही. नंतर मागे जा, पण १९५६ चे प्रसंग आपसात पुढेच सरकले पाहिजेत, १९७३ चेही तसेच. आणि १९७३ मधली इंदू दुकानात बसून १९५६ आठवू लागली, की तिला तिथेच थांबवा. आठवणीच्या पोटात आठवण घातली, की बाहेर यायचा दरवाजा दोनदा उघडावा लागतो आणि वाचक एकदाच उघडतो. आधी २०१४ मध्ये या, चार ओळी टेका, मग १९५६ मध्ये उतरा.

उतरल्यावर पाय टेकायला दगड हवा, तोही पहिल्या दोन-तीन वाक्यांत. इथे बहुतेक जण फसतात, कारण ते जुनेपणा दाखवतात, साल दाखवत नाहीत. स्टेशनात धूर सोडणारं इंजिन १९५६ लाही होतं आणि १९७३ लाही. ‘चार आणे’ हा शब्दही तसाच दगाबाज. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तरी पंचवीस पैशांना लोक पुढे कित्येक वर्षं चार आणेच म्हणत राहिले. पात्र आणे बोललं म्हणजे १९५६, असं वाचकाने का समजावं? सगळ्यात मोठी गंमत गावाच्या नावाची. बेळगावातला मराठी माणूस तिन्ही सालांत ‘बेळगाव’च म्हणणार. संवादात नाव घालून साल कळवायचं म्हणजे घड्याळाचे काटे काढून वेळ विचारण्यासारखं आहे.

मग चालतं काय? दुकानाची पाटी. बोलण्यात बदलत नाही ते पाटीवर बदलतं. १९५६ च्या प्रसंगाची सुरुवात अशी करा: ‘पाटीवरचं “मुंबई राज्य” तसंच होतं. रंगारी दिवाळीनंतर येणार होता.’ दोन वाक्यांत साल आलं आणि ऋतूही. दिवाळी खरीच तोंडावर होती, त्या वर्षी लक्ष्मीपूजन दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला. १९७३ मध्ये दिवाळी मागच्याच आठवड्यात उरकलेली. म्हणून तिथे ‘म्हैसूर’वर ब्रश फिरतोय आणि वर विझलेला आकाशकंदील लोंबतोय. २०१४ मध्येही दिवाळी उलटलेलीच, तेव्हा कंदील तिथे पुन्हा टांगू नका, ते काम इंदूच्या हातातल्या मोबाइलला द्या. जुनं पंचांग न बघता दिवाळी लिहिणाऱ्याला बेळगावातला वाचक सोडत नाही. तो पत्र पाठवतो, तेही चार पानी.

व्याकरणही मदतीला येतं, पण बेतानं. मागे जाताना पहिली दोन वाक्यं ‘बापानं शिडी लावली होती, इंदूनं डबा धरला होता’ अशी, आणि नंतर साधं ‘तो चढला, ती बघत राहिली’. पानभर ‘होतं होतं’ चालू ठेवलं, की कान किटतात. आणि परत येताना ‘दुसऱ्या दिवशी’ लिहू नये. कुठल्या दिवसाच्या दुसऱ्या? ‘सतरा वर्षांनी’चंही तेच, कधीपासून मोजायची? इंदूचं वय सांगा, मोजणी वाचक स्वतः करतो.

सगळं जमलं असं वाटलं, की प्रत्येक भागावरची सालाची ओळ पट्टीने झाकायची. ती ओळ छापायची जरूर, पण लोक ती रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखी बघत बघत सोडून देतात. गोष्ट न वाचलेल्या कुणाला तरी प्रत्येक भागाच्या फक्त पहिल्या तीन ओळी वाचायला द्या आणि समासात साल लिहायला सांगा. शेजारचे काका उत्तम, त्यांना तुम्हाला खूश करायचं नसतं. चुकलेलं साल आणि मागे उलटलेलं पान, दोन्हीवर पेन्सिलची फुली.

अठरा भागांत काकांनी सतरा सालं बरोबर लिहिली, असं धरू. उरलेल्या एका भागापुढे फुली आणि त्याखाली एक शब्द अधोरेखित, ‘परवा’. इंदू म्हणते, ‘परवा पाटी रंगवायची.’ ठरलेली गोष्ट हुकली म्हणून कुरकुरते आहे, की रंगाचं काम पुढे ठरतंय? मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही. काकांनी शेजारी लिहिलंय, ‘कोणत्या बाजूचा परवा?’