क्षेत्रफळ शून्य आलं म्हणजे डेटा खरा?

व्हीएलई, म्हणजे द्रव आणि बाष्प यांच्या समतोलाच्या मोजमापांबद्दल, असा एक दावा ऐकू येतो: "व्हीएलई डेटा तपासायला एरिया टेस्ट पुरते. ln(γ1/γ2) चा आलेख काढा, वरचं आणि खालचं क्षेत्रफळ १० टक्क्यांच्या आत जुळलं की डेटा बरोबर. नाही जुळलं तर डेटा फेकून द्या."

आधी "पुरते" या शब्दाबद्दल. तापमान आणि दाब स्थिर असताना दोन घटकांच्या मिश्रणात रासायनिक विभव आपापल्या मर्जीने बदलू शकत नाहीत. एकाचा वाढला की दुसऱ्याचा घटलाच पाहिजे, आणि किती घटायचा ते मिश्रणातल्या प्रमाणावर ठरतं. हेच गिब्स-ड्यूहेम समीकरण. γ म्हणजे गॅमा, घटक आदर्श वागणुकीपासून किती ढळला ते सांगणारा गुणांक; x म्हणजे द्रवातलं प्रमाण आणि y म्हणजे बाष्पातलं. गॅमाच्या भाषेत ते असं:

x1 dlnγ1 + x2 dlnγ2 = 0

हा नियम प्रत्येक बिंदूला लागू आहे. एरिया टेस्ट (हेरिंग्टन १९४७, रेडलिक-किस्टर १९४८) त्याचं ० ते १ पर्यंत संकलन करते. म्हणजे वर्षभराचा जमाखर्च एका ओळीत बघायचा, मधल्या नोंदी उघडायच्याच नाहीत. कमी x1 ला y1 थोडा जास्त मोजला गेला आणि जास्त x1 ला तितकाच कमी, तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. बाष्प आदर्श धरलं तर

γ1/γ2 = (y1 x2 P2sat)/(y2 x1 P1sat)

P1sat आणि P2sat हे शुद्ध घटकांचे बाष्पदाब. यात एकूण दाब P कुठे आहे? भागाकारात उडून गेला. दिवसभर बसून मोजलेल्या दाबाला ही चाचणी हातही लावत नाही.

आकडे घालून बघू. एक साधं काल्पनिक मिश्रण घ्या, lnγ1 = x2² आणि lnγ2 = x1². x1 = ०.२५ ला lnγ1 चा उतार −१.५ आणि lnγ2 चा +०.५ येतो. पहिला घटक पावभाग, दुसरा पाऊण, म्हणून −०.३७५ + ०.३७५ = ०. हिशेब चोख. आता समजा शुद्ध द्रवांतली विरघळलेली हवा नीट काढली, म्हणजे ते डीगॅस केले, पण मिश्रणात थोडी हवा राहिली. ln P मधली चूक दोन्ही टोकांना शून्य आणि मध्यावर ०.०४, म्हणजे दाब साधारण ४ टक्के जास्त. चुकीचं वक्र 0.16 x1 x2 धरा. दोन्ही lnγ सारखेच वर सरकतात, त्यामुळे ln(γ1/γ2) आधी होता तोच, 1 − 2x1. क्षेत्रफळ काटेकोर शून्य, चाचणी शंभर टक्के पास. पण x1 = ०.२५ ला आता उतार −१.४२ आणि +०.५८ आहेत. बेरीज −०.३५५ + ०.४३५ = ०.०८. बिंदूवार पाहणाऱ्याला चोर लगेच सापडतो.

१० टक्क्यांची गोष्ट स्थिर तापमानापुरती. स्थिर दाबावर घेतलेल्या डेटात तापमान बदलत जातं आणि समीकरणाच्या उजवीकडे शून्याऐवजी मिश्रण-उष्णतेचं पद येतं. म्हणजे अगदी निर्दोष डेटाचंही क्षेत्रफळ शून्य येईलच असं नाही. यासाठी हेरिंग्टनने १९५१ मध्ये J = 150 ΔT/Tmin ही सूट सुचवली. ΔT म्हणजे उत्कलन तापमानांचा पल्ला, Tmin म्हणजे त्यातलं सगळ्यात कमी तापमान, केल्व्हिनमध्ये. इथेनॉल-पाणी १ ॲटमॉस्फिअरला १०० पासून ७८.२ अंशांपर्यंत उतरतं, म्हणून J सुमारे ९.३. दोन क्षेत्रफळांतली टक्केवारी तफावत D धरली तर D − J दहाच्या आत चालतो, म्हणजे १९ टक्के तफावतही पास! तो १५० हा आकडा ठरावीक सेंद्रिय मिश्रणांच्या उष्णतेवरून आलेला अंदाज आहे. पाण्याच्या मिश्रणाला तो बिनदिक्कत लावणं मला तरी पटत नाही.

"फेकून द्या" याला तर माझी सरळ हरकत आहे. ॲसेटिक ॲसिड-पाणी घ्या. ॲसिडचे रेणू बाष्पातही जोडीने फिरतात. उत्कलनबिंदूजवळ शुद्ध ॲसिडच्या बाष्पाचा सरासरी रेणुभार ६० ऐवजी ९० च्या पुढे जातो. बाष्प आदर्श धरून काढलेले गॅमा वेडेवाकडे येतात आणि चाचणी नापास होते. इथे प्रयोगाचा दोष नाही, आपल्या गणिताचा आहे. शुद्ध घटकाच्या बाष्पदाबाचे स्थिरांक दुसऱ्याच तापमान-पट्ट्यातले उचलले तरी हेच होतं.

मी स्वतः व्हॅन नेस, बायर आणि गिब्स यांची १९७३ ची पद्धत वापरतो. P-x वर मॉडेल बसवायचं, गिब्स-ड्यूहेममधून y काढायचा आणि मोजलेल्या y शी फरक x च्या आलेखावर मांडायचा. सरासरी फरक ०.०१ च्या आत असावा ही प्रचलित मर्यादा, पण मी आधी ठिपके बघतो. शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर ठीक. सगळे एकाच बाजूला कमान करून बसले असतील तर उपकरणाकडे परत जायचं.

मात्र y खरोखर मोजलेला हवा. एकदा एका तक्त्यातले फरक चौथ्या दशांशापर्यंत शून्य दिसले आणि मी खूश झालो. मग तळटीप वाचली: y मॉडेलवरून काढलेला होता.