झाकली मूठ चार कोटी अठरा लाखांची

नवा डॅशबोर्ड बांधून झाला, रंग जमले, नकाशावर शाखांचे ठिपके लुकलुकायला लागले की लगेच तो लोकांसाठी सोडून द्या. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला सोडला तर उत्तमच. मूळ आकड्यांशी ताळा घेत बसणं हे ज्यांना घरी कोणी वाट पाहणारं नाही अशांचं काम आहे.

ताळा घ्यायचाच असेल तर एकच घ्या, सगळ्यात वरच्या मोठ्या आकड्याचा. आमच्या कंपनीत मी तेच केलं. आम्ही पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकतो. पूर्वी एक्सेलमध्ये चालणारा विक्रीचा रिपोर्ट मी पॉवर बीआयमध्ये नव्याने उभा केला. जून महिन्याची विक्री बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 4,18,40,000 रुपये होती, माझ्या डॅशबोर्डवर 4,18,05,000. फरक फक्त 35,000, म्हणजे टक्क्याचा शंभरावा हिस्सा घेऊन तसे आठ. साहेबांना सांगितलं, राउंडिंग असेल. साहेब म्हणाले, "असणारच." आम्ही दोघांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

राउंडिंग हा शब्द तुम्हीही हाताशी ठेवा. फक्त त्याचं गणित करायला जाऊ नका. आमच्याकडे जूनमध्ये 1,240 बिलं होती. प्रत्येक बिल जवळच्या रुपयाला पूर्ण केलं जातं, म्हणजे एका बिलात फार तर 50 पैसे इकडचे तिकडे. सगळी बिलं एकाच दिशेला झुकली तरी फरक 620 रुपयांच्या पुढे जात नाही. असले हिशेब मांडले की 35,000 चं राउंडिंग होतं तरी कुठलं, हा प्रश्न पडतो आणि शुक्रवार वाया जातो.

दुर्दैवाने आमच्या अकाउंट्स विभागात एक मॅडम आहेत. त्यांच्याकडे वही आहे. त्यांनी बिलांची संख्या विचारली.

"अहो मॅडम, रक्कम जुळतेय ना, बिलं कशाला मोजायची?"

"मोजून तर बघा," त्या म्हणाल्या. मूळ बिलं 1,240, डॅशबोर्डवर 1,212.

म्हणून सांगतो, मोजायला जाऊच नका. ओळी मोजणं फार खालच्या दर्जाचं काम आहे. ब्रिटनमध्ये 2020 साली कोरोनाचे रुग्ण मोजणाऱ्या पब्लिक हेल्थ इंग्लंडने प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या `.xls` फाइलींत घेतली. त्या प्रकारच्या फाइलीत 65,536 च्या पुढे ओळी मावतच नाहीत. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातले 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, हे दोन आकडे शेजारी मांडले असते तर भांडं तिथेच फुटलं असतं. पण ते शोभलं असतं का?

मॅडमनी त्यानंतर शाखावार आकडे उघडले. ही चूक तुम्ही करू नका, कारण बेरजेत लपलेलं सगळं फोड केली की मात्र दिसतं. कोल्हापूरची मूळ विक्री 71,20,000, डॅशबोर्डवर 73,05,000. पुणे जास्त, नाशिक जास्त, सोलापूर आणि नागपूरही जास्त. पाच शाखा फुगलेल्या आणि एकूण मात्र कमी! असं गणित शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. फुगवटा सापडला भाड्यात. आमच्या बिलावर माल पोचवण्याचं भाडं एकदाच लागतं. ते बिलाच्या वरच्या नोंदीत असतं, आणि वस्तू खालच्या ओळींत. मी दोन टेबलं जोडली तेव्हा भाडं प्रत्येक ओळीला चिकटलं. एखाद्याने पंप, पाइप, फूट व्हॉल्व्ह आणि केबल घेतली, भाडं 350 रुपये लागलं, की डॅशबोर्डवर त्याचे 1,400 झाले. पाच शाखांचं खरं भाडं 3,05,000, माझ्याकडे 12,00,000. म्हणजे 8,95,000 रुपये हवेतून आले. भाड्याचा स्तंभ वेगळा काढून मुळाशी ताडला असता तर एका मिनिटात कळलं असतं. विक्रीच्या चार कोटींत तो विरघळून जातो, म्हणूनच तो वेगळा काढायचा नसतो.

मग एवढं आलं तर एकूण कमी कसं? बारामती. आमचं बारामतीचं दुकान 3 जूनला सुरू झालं. बिलं फाडली जात होती, पण शाखांच्या मास्टर यादीत त्याचा कोड कोणी घातला नव्हता. मी शाखांची नावं आणण्यासाठी `INNER JOIN` वापरला होता. ज्याचं नाव यादीत नाही तो आत नाही, लग्नाच्या मांडवासारखं. 29 बिलं, 9,72,000 रुपये, मांडवाबाहेर. कुठे लाल खूण नाही, त्रुटीचा संदेश नाही. डॅशबोर्ड न बोलता गिळतो, हा त्याचा मोठाच गुण. पुढची क्वेरी चुकूनही चालवू नका:

```sql
SELECT b.branch_code, COUNT(*), SUM(b.bill_total)
FROM bills b
LEFT JOIN branch_master m
  ON m.branch_code = b.branch_code
WHERE m.branch_code IS NULL
GROUP BY b.branch_code;
```

उत्तरात एकही ओळ आली नाही तर ठीक. आमच्याकडे एक आली.

आता 8,95,000 वाढले, 9,72,000 गेले. उरले उणे 77,000, पण फरक तर 35,000 चाच होता. एवढ्यावर थांबलो असतो तर आणखी 42,000 सुखाने झोपले असते. मॅडमनी महिन्याचा पहिला आणि शेवटचा दिवस वेगळा काढायला लावला. 30 जूनला माझ्याकडे एक बिल जास्त, बरोबर 42,000 चं. ते नाशिकच्या पोराने 1 जुलैला रात्री 12 वाजून 20 मिनिटांनी फाडलं होतं. आमचा डेटाबेस वेळ युटीसीत ठेवतो, आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे डेटाबेसच्या लेखी ते 30 जूनच्या संध्याकाळी 6 वाजून 50 मिनिटांचं. मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधलं प्रत्येक बिल असं एक दिवस मागे सरकतं. महिन्याच्या मध्यावर त्याने बेरीज हलत नाही. टोकाला हलते, आणि 31 मार्चच्या रात्री तर आर्थिक वर्षच बदलतं. बिलांचाही हिशेब लागला: 1,240 मधून 29 गेली, एक आलं, 1,212. मला वाटतं, त्या क्षणी मॅडम जरा हसल्या.

तीन चुका, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या, आणि वरून दिसतं काय, तर आठ शतांश टक्के.

मॅडमच्या वहीतलं पान मी इथे उतरवतो, ते एवढ्याचसाठी, की कुठे दिसलं तर ओळखून फाडून टाकता यावं. चार रकाने होते: मूळ, जुना रिपोर्ट, नवा डॅशबोर्ड, फरकाचं कारण. ओळी अशा:

- बिलांची संख्या, बिल क्रमांक एकदाच मोजून
- बिलांतल्या ओळींची संख्या
- एकूण रक्कम. मग भाडं, कर, सूट आणि परतीचा माल, प्रत्येक वेगळं
- शाखावार आणि वस्तूवार फोड, "कोड सापडला नाही" ही ओळ धरून
- महिन्याचा पहिला आणि शेवटचा दिवस
- कुठलीही पाच बिलं, कागदी प्रतीशी ओळ न् ओळ

"फरकाचं कारण" हा रकाना सगळ्यात घातक. तिथे "किरकोळ" लिहायला त्या देत नाहीत. रुपयांत कारण हवं, आणि कारणांची बेरीज फरकाएवढी यायला हवी.

जुन्या रिपोर्टचा रकाना मात्र तुम्ही मुळाच्या जागी वापरा, फार सोपं पडतं. लोकांना त्याचीच सवय असते. आमच्या जुन्या एक्सेलमध्ये जूनची विक्री 4,24,60,000 होती, मुळापेक्षा 6,20,000 जास्त. का? तर परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा त्यात कधी वजाच झाल्या नव्हत्या, आणि जूनच्या नोटांची बेरीज बरोबर 6,20,000. किती वर्षं हे चाललं, ते विचारू नका. अशा वेळी शहाणा माणूस नव्या डॅशबोर्डमध्ये गुपचूप फिल्टर टाकून जुनी चूक परत बसवतो. सगळं जुळतं, कोणी रागावत नाही. मॅडम म्हणाल्या, "ते चुकीचं होतं असं लिहून साहेबांची सही घ्यायला हवी होती, सोडायच्या आधी." सोडल्यावर तेच वाक्य सबब वाटतं म्हणे.

ताळ्यासाठी महिनाही चालूच घ्या. मूळ सॉफ्टवेअरमध्ये दर पाच मिनिटांनी नवं बिल पडत असतं, तुमचा डॅशबोर्ड मात्र पहाटे सहाला ताजा होऊन गप्प बसलेला असतो. दुपारी तीनला दोन्ही ताडा. फरक येईलच, आणि त्या फरकाखाली खरी चूकही सुखाने नांदेल. बंद झालेला महिना घेऊन दोन्हीकडचे आकडे एकाच क्षणी काढले तर हा आडोसा जातो.

आणि ज्या जागी जुळायलाच नको तिथे मात्र जोरात भांडा. जूनमध्ये आमचे ग्राहक 386, पण शाखावार ग्राहकांची बेरीज 402. मी यावर पूर्ण एक दुपार घालवली. काही शेतकरी पंप पुण्याला घेतात आणि पाइप बारामतीला, तेव्हा एकच माणूस दोन शाखांत मोजला जातो आणि एकूणात एकदाच. ती बेरीज लागतच नाही. पण त्या दुपारी माझा चेहरा फार कष्टाळू दिसत होता.

हे सगळं मला कळलं ते दुरुस्तीच्या वेळी, कारण डॅशबोर्ड तर शुक्रवारीच सुटला होता, हिरवी टिक लावून. मॅडमची वही सोमवारी उघडली. तिच्याआधी फोन वाजला तो बारामतीच्या मॅनेजरचा. विक्रीच्या प्रोत्साहनाचा तक्ता त्याच डॅशबोर्डवरून निघाला होता.

"साहेब, आमचं दुकान बंद झालं का?"

तुम्हाला असा फोन आला तर गडबडू नका. शांतपणे सांगा, "नाही हो, तुम्ही राउंडिंगमध्ये गेलात."